दादाच्या श्वासाची मोजणी

१० ऑक्टोबर
नामचे बाजार, ३४४० मीटर

दादा साडेआठलाच झोपला. दहाच्या सुमारास त्याच्या खाटेकडून काहीच ऐकू येईना, म्हणून मी कान दिला. घरी त्याचं घोरणं दोन खोल्यांपलीकडे ऐकू जातं. इथे घोरणं नव्हतं आणि श्वासही नव्हता. मग एकदम एक श्वास आला, त्यामागून आणखी मोठा, मग आणखी एक, मग एक उतरता, आणि पुन्हा सगळं थांबलं. हेडलॅम्प हाताने झाकून घड्याळाचा सेकंदकाटा पाहत बसले. चार श्वास, नऊ सेकंद काही नाही. पाच श्वास, अकरा सेकंद काही नाही. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत साधारण बावीस सेकंद. अर्धा तास हेच चाललं होतं.

त्याच्या स्लीपिंग बॅगवर, पोटाच्या जागी, हलकेच हात ठेवून पाहिला. थांब्याच्या वेळी पोटही हलत नव्हतं आणि छातीही. ही खूण महत्त्वाची. घोरणाऱ्या माणसाचा घसा झोपेत मिटतो तेव्हा छाती आणि पोट ओढाताण करत राहतात, हवा मात्र आत जात नाही. दादाची ओढाताण अजिबात नव्हती. वाट मोकळी होती. श्वास घ्यायचा हुकूमच वरून येत नव्हता.

सकाळी फाकडिंगहून निघालो तेव्हा २६१० मीटरवर होतो. एका दिवसात आठशे मीटरच्या वर चढून आलो आहोत आणि इथली हवा समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश आहे. म्हणून तर इथे दोन रात्री ठेवल्या आहेत. ओठ निळे नाहीत, नाडी नियमित आहे. त्याला उठवलं नाही.

११ ऑक्टोबर
नामचे, संध्याकाळ

सकाळी दादाचं पहिलं वाक्य: "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही गं."

मी म्हटलं, "दादा, मी साडेबारापर्यंत जागी होते. तू झोपला होतास."

त्याला पटलं नाही, आणि त्याची तक्रार खोटीही नाही. प्रत्येक थांब्यानंतर जो मोठा श्वास येतो, त्याच्याबरोबर मेंदू बऱ्याचदा क्षणभर जागा होतो. माणूस उठून बसत नाही, पण झोप खोल जाऊ शकत नाही. असं रात्रीत शेकडो वेळा झालं की सकाळी आठवतात ते जागेपणाचे तुकडे. मधली झोप आठवत नाही. त्याने आणखी एक सांगितलं. दोनदा तो छातीवर कुणीतरी बसल्यासारखा दचकून उठला, उठून बसल्यावर मिनिटभरात बरं वाटलं. ते मिनिटभरात बरं वाटणं मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं. डोकं दुखत नव्हतं, सकाळी दोन पोळ्या आणि अंडं खाल्लं, एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (३८८० मीटर) चढून आला आणि झोपायला परत खाली. दिवस स्वच्छ गेला.

जेवणघरात गटातल्या पाचसहा जणांनी हेच गाऱ्हाणं मांडलं. मग त्यांना नीट सांगत बसले. इथेही लिहून ठेवते, कारण घरी गेल्यावर वहिनी विचारणार आहे.

श्वासाच्या दोन चाव्या आहेत. गळ्यात दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या लहान गाठी असतात. रक्तातला प्राणवायू कमी झाला की त्या मेंदूला ओरडून सांगतात. दुसरी चावी मेंदूत आहे आणि ती कार्बन डायऑक्साइडवर चालते. आपल्याकडे सखल प्रदेशात श्वास मुख्यतः या दुसऱ्या चावीवर चालतो. वर आल्यावर पहिली चावी कामाला लागते. प्राणवायू कमी म्हणून माणूस जोरात श्वास घेतो, त्यात कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, तो एका रेघेच्या खाली गेला की दुसरी चावी बंद पडते. जागेपणी हे जाणवत नाही, कारण नुसतं जागं असणंच श्वास चालू ठेवायला पुरेसं असतं. झोपेत तो आधार जातो.

भूलतज्ज्ञ म्हणून मी हे ऑपरेशन थिएटरमध्ये वारंवार पाहते. शस्त्रक्रिया संपत आलेली असते, हातातल्या पिशवीने रुग्णाला जरा जास्तच श्वास दिले गेलेले असतात, आणि मग भूल उतरली तरी रुग्ण स्वतःहून श्वास घेत नाही. नवशिकी मुलं घाबरतात. थोडं थांबावं लागतं. कार्बन डायऑक्साइड हळूहळू साठतो, रेघ ओलांडतो आणि पहिला श्वास येतो. दादा काल रात्री दर बावीस सेकंदांनी हेच करत होता.

श्वास मधल्या मापावर का स्थिरावत नाही? फुप्फुसातलं रक्त गळ्यापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, म्हणून बातमी उशिरा येते. लांब पाइपच्या गीझरखाली आंघोळ करताना तसंच होतं: पाणी गार म्हणून नळ फिरवावा, काही होत नाही म्हणून आणखी फिरवावा, मग एकदम चटका बसतो आणि आपण उलटं फिरवतो. उंचीवर गळ्यातल्या गाठी जास्त तिखट होतात, म्हणजे नळ जास्त फिरवला जातो. तिखटपणा आणि उशीर एकत्र आले की श्वासाला भरती-ओहोटी लागते.

गटातल्या एकाने झोपेच्या गोळ्यांची पाकिटं आणली आहेत आणि तो उदारपणे वाटायला तयार आहे. कुणी घेऊ नका म्हणून स्पष्ट सांगितलं. गुंगी आणणारी गोळी आणि थंडीतला पेग, दोन्ही श्वासाचा हुकूम आणखी मंद करतात. पहिल्या रात्रींना तर अजिबात नकोत.

१२ ऑक्टोबर
तेंगबोचे, ३८६० मीटर

मठातली संध्याकाळची प्रार्थना ऐकली. थंडी फार. लिहायला बोटं वळत नाहीत, म्हणून थोडंच.

आज माझी पाळी. झोप लागता लागता, अगदी त्या उंबरठ्यावर, मोठा उसासा घेऊन दचकून जागी झाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कळलं की मी स्वतःचा थांबा अनुभवते आहे. माहिती असूनही भीती वाटते. काळोखात छाती धडधडते आणि आपण आत्ता गुदमरत होतो अशी खात्री पटते. डफल बॅग उशीखाली सारली, डोक्याकडची बाजू उंच केली, बरं वाटलं. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा कमी होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. दादाच्या आणि माझ्या रात्री पाहता ते जुळतं.

१३ ऑक्टोबर
डिंगबोचे, ४४१० मीटर, रात्र

आजची उडी साडेपाचशे मीटरची. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये असा संकेत आहे, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर. आम्ही तो थोडा ओलांडला आहे. उद्या इथेच मुक्काम.

दादाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून झोपवलं. झोपण्याआधी हात गरम पाण्याच्या बाटलीवर धरायला लावला, कारण गार बोटावर हे यंत्र काहीही आकडा दाखवतं. जागेपणी ८५. झोपल्यावर आकडा खालीवर होऊ लागला, ७३ ते ८१. यात एक चकवा आहे आणि तो माहीत नसला तर माणूस घाबरून चुकीचा अर्थ काढतो. श्वास थांबलेला असताना आकडा चांगला दिसतो आणि दादा जोरजोरात श्वास घेत असताना तो तळाला जातो. फुप्फुसापासून बोटापर्यंत रक्त पोचायला आणि यंत्राला सरासरी काढायला वेळ लागतो, म्हणून पडद्यावर दिसतं ते काही वेळापूर्वीचं.

आजचं चक्र नामचेपेक्षा आखूड आहे, अठरा-एकोणीस सेकंद, आणि अगदी ठेक्यात. तीन-चार श्वास, आठ सेकंद शांत. सलग. पहाटे साडेचारला उठले तेव्हा मात्र श्वास सरळ चालला होता, पापण्यांखाली डोळे फिरत होते. स्वप्नाच्या झोपेत ही भरती-ओहोटी बहुधा विरते. तिची खरी जागा हलक्या झोपेत.

१४ ऑक्टोबर
डिंगबोचे

आज दोन गोष्टी झाल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहायला हव्यात.

सकाळी दादा चिडचिडा होता. झोप नाही, दिवसभर जांभया. पण डोकं ठीक, भूक ठीक. अंगणातल्या दगडी भिंतीकडेने सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं; डगमगला नाही. वरच्या टेकाडावर तासभर सावकाश चढून आला, वर बसल्यावर दोन-तीन मिनिटांत धाप खाली बसली. म्हणजे झोप वाईट, माणूस बरा.

त्याच वेळी जेवणघरात दुसऱ्या गटातला एक तरुण मुलगा बसला होता, पंचविशीचा. तोही तेच म्हणत होता: "नींद नहीं आई, बस." त्याचे सोबती त्याला समजावत होते की सगळ्यांचंच असं होतं. मी समोर बसून त्याला पाहत होते. वाक्य पूर्ण करताना मधे श्वास घेत होता. बाकावरून उठून चहाचा थर्मास आणायला गेला आणि आठ पावलांत धापा टाकू लागला. खोकत होता. विचारलं तर कळलं की रात्री आडवं झाल्यावर जास्त त्रास, म्हणून भिंतीला टेकून बसूनच रात्र काढली. उठून बसल्यावर बरं वाटलं का? नाही. हाच फरक. दादाचं दचकणं जागं झाल्यावर मिनिटभरात संपतं. या मुलाची धाप जागेपणी, बसलेलं असतानाही संपत नव्हती. बोटं शेकून यंत्र लावलं: ६६, नाडी १२०. त्याच वेळी त्याच टेबलावर दादाचा ८४. पाठीला कान लावला तर उजवीकडे, खांद्याच्या फऱ्याखाली, बारीक चरचर.

फुप्फुसात पाणी साठत होतं. नव्या उंचीच्या दुसऱ्या रात्रीच्या आसपासच हे बहुधा उफाळतं, आणि त्याची ही दुसरी रात्र होती. त्याच्या वाटाड्याला बाजूला घेऊन सांगितलं की आज विश्रांती नाही, आत्ता खाली. तो शहाणा माणूस. एकही प्रश्न न विचारता घोडा बघायला गेला. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, ही संस्था १९७३ सालची; तिथल्या डॉक्टरांनीही फोनवर हेच सांगितलं. फेरिचे डिंगबोचेपेक्षा जेमतेम चाळीस मीटर खाली, आणि मधला उंचवटा ओलांडावा लागतो. म्हणून सिलिंडरचा प्राणवायू लावून त्याला घोड्यावरून नदीच्या वाटेने थेट पांगबोचेकडे, चारशे मीटर खाली, नेलं. चालत पाठवलं नाही, कारण श्रमाने फुप्फुसातला दाब वाढतो. संध्याकाळी निरोप आला: सिलिंडरवर ८९, धाप कमी, उद्या सकाळी आणखी खाली.

सोबत्यांचा राग येत नाही. वाईट झोप इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याआड खरा आजार लपतो. उंचीच्या आजाराचं जे लेक लुईस गुणांकन जगभर वापरतात, त्यात पूर्वी झोपेलाही गुण होते; २०१८ साली ते काढून टाकले. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर यांच्याशी वाईट झोप पुरेशी जुळत नाही असं आढळलं. आजच्या टेबलावर मला ते कळलं तसं कुठल्याही पानावर कळलं नव्हतं. रात्र कशी गेली यापेक्षा माणूस दिवसा कसा आहे ते विचारायचं: बसलेला असताना धाप लागते का, डोकं ठणकतं का, सरळ चालता येतं का.

रात्री

दादाला आज ॲसिटाझोलामाइड सुरू केलं, १२५ मिलिग्रॅम, झोपण्यापूर्वी. आधी सल्फाच्या औषधांनी कधी त्रास झाला होता का ते विचारून घेतलं. आजार नसताना गोळी का, असं त्याने विचारलं. कारण एवढंच की तीन रात्रींची तुटकी झोप घेऊन त्याने उद्या ४९४० मीटरवर जावं असं मला वाटत नाही. गोळी गुंगी आणत नाही. ती मूत्रपिंडांकरवी बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त किंचित आम्लाकडे झुकतं, त्यामुळे श्वास सतत थोडा जास्त चालतो आणि बंद पडण्याची रेघ आणखी खाली सरकते. नळ सारखा उलटसुलट फिरवावा लागत नाही. शरीर हे स्वतःही करतंच, पण त्याला कित्येक दिवस लागतात.

बोटांना आणि ओठांना मुंग्या येतील, कोल्ड्रिंकची चव उतरलेली लागेल, लघवीला जास्त वेळा उठावं लागेल, हे आधीच सांगितलं. बाटली खाटेशेजारी ठेवली आहे.

१५ ऑक्टोबर
लोबुचे, ४९४० मीटर

काल रात्री थांबे होते, पण कमी. साडेअकरा ते साडेबारा मोजलं: सलग भरती-ओहोटी दहा मिनिटं, मग पंधरा-वीस मिनिटं सरळ श्वास, मग पुन्हा. आकडा ७८ च्या खाली गेला नाही. दादा सकाळी म्हणाला, "तीनदा उठलो, पण मधे झोपलो." मुंग्या डाव्या हाताला.

आमचा शेर्पा वाटाड्या दुपारी जेवणघरातल्या बाकावर तासभर झोपला होता. शेजारी चहा पीत बसले होते, सवयीने मोजलं. एकसारखा श्वास, एकही थांबा नाही. दुपारची एक डुलकी पुरावा होत नाही, पण शेर्प्यांबद्दल हे खरंच तपासलेलं आहे. १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय मोहिमेत एव्हरेस्टवर सुखमय लाहिरी या आपल्या बंगाली शरीरशास्त्रज्ञाने पाहिलं की सखल भागातून आलेल्यांचा श्वास रात्री थांबत-चालत राहतो आणि शेर्प्यांचा फारसा नाही. त्यांच्या गळ्यातल्या गाठी कमी प्राणवायूला इतका तिखट प्रतिसाद देत नाहीत.

गोष्ट जुनीच आहे. १८५७ साली जॉन टिंडल माँ ब्लाँवर दमून झोपला, तेव्हा त्याच्या सोबत्याने त्याचा श्वास ऐकू येईना म्हणून घाबरून त्याला उठवलं होतं. पुढे १८९० च्या दशकात आंजेलो मोसो या इटालियन शास्त्रज्ञाने मोंते रोझावर झोपलेल्या माणसांच्या छातीची हालचाल कागदावर उतरवून घेतली, आणि त्या रेघांत हेच चढउतार दिसले.

१६ ऑक्टोबर
गोरक्षेप, ५१६४ मीटर

दादाची रात्र कालच्यासारखीच. थांबे गेलेले नाहीत आणि जाणारही नाहीत. इतक्या उंचीवर माणूस महिनाभर राहिला तरी ते राहतात. सुधारतं ते मधलं: प्राणवायूचा तळ वर येतो, झोप सलग होते. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने "म्हणजे मोजणं बंद कर" एवढंच म्हटलं. बरोबर आहे. आज ऑक्सिमीटर झोपताना लावलं नाही, सकाळ-संध्याकाळ एकेकदा पाहिलं. जागेपणी ८१, डोकं किंचित जड, एक पॅरासिटामॉल घेतल्यावर उतरलं, जेवण व्यवस्थित.

पांगबोचेहून निरोप: तो मुलगा लुक्ल्याला पोचला, प्राणवायू काढला आहे, चालतो आहे.

उद्या पहाटे काला पत्थर, मग सरळ फेरिचेला उतरायचं. डोकं पुन्हा जड झालं तर काला पत्थर सोडायचा, हे दादाने कबूल केलं आहे. रात्रीची गोळी फेरिचेपर्यंत चालू. उतरणीला लागल्यावर पहिली रात्र नीट गेली की बंद.